जुन्या पत्रांचं टायपिंग: लेटरहेड कुठं संपतं आणि पत्र कुठं सुरू होतं?

गिरणाकाठची

नमस्कार मंडळी. आमच्या चाळीसगाव साईडच्या एका जुन्या शाळेच्या आवक फायली टाइप करायला घेतल्यात. शाळा ज्या संस्थेची आहे तिच्या ऑफिसमधून मुख्याध्यापकांना आलेली पत्रं आहेत, १९५० नंतरची बरीच, काही हाताने लिहिलेली काही टाइपरायटरची, आणि बहुतेक सगळी छापील लेटरहेडवर. मजकूर वाचायला अडचण नाही, अडचण वरच्या भागाची आहे.

एका पत्राचं सांगते म्हणजे कळेल. सगळ्यात वर ॥ श्री ॥, खाली गोल लोगो, मधे समई आणि कडेनं गोलाकार "विद्या विनयेन शोभते". मग मोठ्या टाइपात संस्थेचं नाव, त्याखाली गाव आणि "जि. पूर्व खानदेश", त्यातलं "पूर्व खानदेश" पेनानं खोडून वर "जळगाव" लिहिलंय. डाव्या हाताला रजि. नं., उजव्या हाताला तार आणि फोन. मग दुहेरी रेघ, रेघेखाली "जा. क्र." आणि "दिनांक". आणि डाव्या समासात उभी यादी, अध्यक्ष, उपाध्यक्ष, चिटणीस, खजिनदार, सभासद, नावांसकट, ती पार पत्राच्या अर्ध्यापर्यंत खाली येते.

आता हे सगळं प्रत्येक पत्राला टाइप करायचं का? केलं तर मजकुराच्या आधी दहा-बारा ओळी नुसतं तेच ते, आणि नाही केलं तर काहीतरी सुटतंय असं वाटतं. आणि जा. क्र. ची ओळ लेटरहेडची धरायची की पत्राची? ती छापलेली पण आहे आणि लिहिलेली पण.

पांझरा_धुळे

ताई सोपं आहे, वर्डमधे वरच्या मार्जिनवर डबल क्लिक करा, हेडर उघडतं, त्यात लोगो टाका, नाव टाका, रजि. नंबर टाका. एकदा केलं की प्रत्येक पानावर आपोआप येतं. मी आमच्या पतपेढीचं लेटरहेड असंच बनवलंय, टेम्प्लेट पाहिजे असेल तर पाठवतो.

गिरणाकाठची

धन्यवाद दादा, पण मला नवीन लेटरहेड बनवायचं नाहीये, जुनं पत्र जसं आहे तसं उतरवायचंय.

यावलचा_पोरगा

भो माझं मत विचारशील तर लेटरहेड टाइपच करू नको. फोटो तर आहेच ना पत्राचा, ज्याला लोगो बघायचाय तो फोटो बघेल. आपल्याला मजकूर महत्त्वाचा. मी आमच्या आजोबांच्या केळीच्या सोसायटीची पत्रं टाइप केली तेव्हा सरळ "महोदय" पासून सुरू केलं, वरचं सगळं सोडलं. कारण आधी वरचं पण घेत होतो आणि मग फाईलीत एखाद्या गावाचं नाव शोधायला गेलं की प्रत्येक पत्र सापडायचं, कारण गाव लेटरहेडवरच आहे. वैतागून काढून टाकलं सगळं.

जुना_दफ्तरी

यावलकर भाऊंचं अर्धं बरोबर आहे. मजकुरात लेटरहेड मिसळलं की शोध निकामी होतो हे खरंच. ताईंच्या पत्रांत "विनय" नावाचा कोणी शिक्षक असेल तर ब्रीदवाक्यामुळे तो शोधणं मुश्किल, सगळीच पत्रं वर येतील. पण म्हणून लेटरहेड सोडून द्यायचं नाही, ते वेगळं ठेवायचं. सोडणं आणि वेगळं ठेवणं यात फार फरक आहे, आणि तुम्ही "महोदय" पासून सुरू केलं म्हणता म्हणजे जावक क्रमांक, तारीख, प्रति, विषय, संदर्भ हे पण गेलं. ते लेटरहेड नव्हतंच.

मी रेकॉर्ड रूमला नोकरी काढली त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. आपण चूक इथं करतो की वरचं ते लेटरहेड आणि खालचं ते पत्र असं धरतो. कागदावर जागा बघायची नाही, कधी आलं ते बघायचं. प्रेसमधून कागद छापून आला तेव्हा त्यावर जे होतं ते लेटरहेड, मग ते वर असो, समासात असो की तळाला. पत्र लिहिणाऱ्यानं त्या दिवशी जे घातलं ते पत्र. आणि पत्र शाळेत पोचल्यावर शाळेच्या कारकुनानं जे मारलं, म्हणजे आवकचा शिक्का, आवक नंबर, मुख्याध्यापकांचा शेरा, ते तिसरंच, ते ना लेटरहेड ना पत्र.

ओळखायची पद्धत साधी आहे. त्याच सालच्या आसपासची दोन पत्रं शेजारी-शेजारी ठेवायची. दोन्हीवर जे अक्षरशः सारखं आहे, तुटलेल्या टाइपासकट, एखाद्या अक्षराची वेलांटी अर्धी उठलीय तर दोन्हीकडे अर्धीच उठलीय, ते छापील. जे बदलतं ते पत्र. ॥ श्री ॥ चं पण असंच बघा. छापलेलं असेल तर लेटरहेडमधे जाईल, पण पुष्कळ चिटणीस कागदावर लिहायला लागण्याआधी स्वतःच्या हातानं श्री काढायचे, तसं असेल तर ते त्या माणसाचं, पत्रात राहील.

आता जा. क्र. ची ओळ. "जा. क्र." ही अक्षरं छापील आहेत पण आकडा भरलेला आहे, आणि आकडा हा पत्राचाच. उद्या संस्थेचं जावक रजिस्टर सापडलं तर त्याच्याशी जुळणारी एकमेव गोष्ट तो आकडा आहे. तेव्हा ती ओळ पत्रासोबत घ्यायची. तारखेचं तसंच. पण तारखेत एक गंमतीची जागा असते, ताई तुमच्या कागदावर वर्ष कसं छापलंय ते बघून सांगा.

गिरणाकाठची

काका बघितलं. "दिनांक   /   /१९५" असं छापलंय, पुढची एक जागा मोकळी. आणि पत्र १९६२ चं आहे, त्यामुळे पाचावर पेन गिरवून सहा केलाय आणि पुढे दोन लिहिलाय. मी सरळ १४/६/१९६२ घेतलं होतं.

जुना_दफ्तरी

तारीख तीच घ्यायची, बरोबर आहे. पण तो छापलेला "१९५" लेटरहेडच्या नोंदीत गेला पाहिजे, कारण त्यावरून कळतं की हा कागद पन्नाशीच्या दशकात छापून घेतलेला गठ्ठा आहे आणि बासष्टपर्यंत पुरवला. "पूर्व खानदेश" पण त्याच गोष्टीला साक्ष देतंय. १९६० मधे पूर्व खानदेशचं जळगाव झालं आणि पश्चिम खानदेशचं धुळे. म्हणजे छापील "पूर्व खानदेश" हे लेटरहेडचं, आणि खोडून लिहिलेलं "जळगाव" हे नंतर हातानं केलेलं. टाइप करताना नुसतं "जि. जळगाव" लिहिलं तर कागदाचं वय गेलं, नुसतं "पूर्व खानदेश" लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटेल संस्थेला दोन वर्षं पत्ताच नव्हता. दोन्ही घ्यायचे, कुठलं छापील आणि कुठलं हाताचं ते सांगून.

तापीमाय

माझी पण एक केस आहे, ह्याच विषयाची आहे म्हणून लिहिते. आमच्या शेताच्या कागदांत एका ऑफिसचं जुनं पत्र होतं मोडीतलं, मी जाणकाराकडून देवनागरी करून घेतलं आणि दुसऱ्या एका ऑफिसला जोडलं. त्यांनी परत केलं, म्हणे वरचं ऑफिसचं नाव-नंबर वगैरे काहीच नाही, हे कुठल्या ऑफिसचं पत्र आहे कसं समजायचं. तेव्हा मी तर सांगेन सगळं टाइप करा, वरपासून खालपर्यंत, जसं दिसतं तसं, काही वेगळं करू नका. नाहीतर दोन-दोन चकरा होतात.

जुना_दफ्तरी

तापीताई, तुमचं काम वेगळं होतं. नक्कल म्हणून एकच कागद कुणापुढे ठेवायचा असेल तर तुम्ही म्हणता तेच बरोबर, कागदावर आहे ते सगळं, त्याच क्रमानं, शिक्के-सह्यांसकट. तिथं प्रत्येक कागद एकटा उभा असतो. गिरणाकाठच्या ताईंकडे एकाच ऑफिसची शेकडो पत्रं आहेत, त्यात शोधायचंय, वाचायचंय. तिथं लेटरहेड एकदाच नीट उतरवून ठेवायचं आणि प्रत्येक पत्राला त्याची खूण लावायची. म्हणजे गरज पडली तर वरचं पुन्हा जोडून नक्कल पण काढता येते. उलटं करता येत नाही, एकदा मजकुरात कालवलं की शेकडो पत्रांतून निवडून काढणं हे तांदळातले खडे वेचण्यासारखं आहे.

शिरपूरकर_सर

मधेच विचारतो, समासातल्या यादीचं काय? आमच्या संस्थेच्या जुन्या कागदांवर पण होती अशी उभी यादी. आमच्या शिपायाच्या मुलानं फोनच्या अ‍ॅपनं स्कॅन करून मजकूर काढला होता, तर ते अ‍ॅप डावीकडून उजवीकडे ओळ सरळ वाचतं, त्यामुळे समासातलं नाव आणि पत्रातली ओळ जोडून आली होती. हाताने टाइप करणाऱ्याचं तसं होत नसेल म्हणा.

गिरणाकाठची

सर, हाताने पण होतं. मी एकटी नाही टाइप करत, दोन कॉलेजच्या मुली आहेत मदतीला, त्यांच्याकडून आलेलं ह्याच पत्राचं वाक्य इथं टाकते:

"शाळेच्या पश्चिमेकडील दोन खोल्यांच्या पत्र्यांच्या दुरुस्तीसाठी इमारत फंडातून चिटणीस रु. ३५०/- मंजूर करण्यात येत आहेत."

मूळ पत्रात "इमारत फंडातून" वर ओळ संपते, आणि पुढची ओळ "रु. ३५०/- मंजूर" अशी सुरू होते, आणि नेमकं तिच्या डाव्या बाजूला समासात "चिटणीस" छापलंय. त्याखाली चिटणिसांचं नाव बारीक टाइपात आहे ते मुलीनं सोडलं कारण वाचता येत नव्हतं.

जुना_दफ्तरी

हे उदाहरण सांभाळून ठेवा. वाक्य व्याकरणानं जवळजवळ बरोबर वाटतं, म्हणून तपासणारा पण पुढे निघून जातो. आणि अर्थ काय झाला बघा, इमारत फंडातून चिटणिसांना साडेतीनशे रुपये मंजूर. पत्र्याच्या दुरुस्तीचे पैसे एका माणसाच्या नावावर गेले, तेही १९६२ चे साडेतीनशे. ज्यांचं नाव समासात आहे त्यांची नातवंडं गावात असतील.

उपाय असा, की टाइप करायला बसायच्या आधी समासाची यादी कोऱ्या कागदाच्या पट्टीनं झाकायची. स्क्रीनवर फोटो बघून करत असाल तर फोटोचा तेवढा भाग कापून वेगळी प्रत करायची आणि मुलींना ती द्यायची, मूळ फोटोला हात लावायचा नाही. यादी लेटरहेडच्या नोंदीत एकदा, सावकाश, मोठं करून वाचून उतरवायची.

अजून एक. समासात नाव आहे म्हणून त्या माणसानं पत्र लिहिलं असं होत नाही. सही कोणाची आहे ती सहीच्या जागी लिहायची. सही वाचता येत नसेल तर "सही, अवाच्य" लिहा, समासातल्या चिटणिसांचं नाव तिथं भरू नका, कारण पुष्कळदा चिटणिसांच्या "करिता" हेडक्लार्क सही करायचा.

यावलचा_पोरगा

काका बरोबर शे तुमचं. पण खरं सांगा, रजि. नंबर, फोन, ब्रीदवाक्य ह्याचा कोणाला काय उपयोग? वेगळं ठेवलं काय आणि सोडलं काय. माणूस शेवटी वाचणार मजकूर.

जुना_दफ्तरी

उपयोग तारीख नसलेल्या पत्राला होतो. तुमच्या केळीच्या सोसायटीच्या पत्रांत तारीख नसलेली किंवा कागद फाटून तारीख गेलेली असतीलच. तिथं लेटरहेडच कामाला येतं.

बघा, सहा आकडी पिन कोड आपल्याकडे १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. लेटरहेडवर गावापुढे ४२५ ने सुरू होणारा सहा आकडी पिन छापलेला असेल तर तो कागद त्याच्या आधी छापला गेलेला नाही. संस्थेच्या नोंदणीचे बहुतेक दोन नंबर असतात, एक १८६० च्या सोसायटी कायद्याखालचा आणि एक विश्वस्त कायद्याखालचा, तो "एफ" ने सुरू झालेला दिसतो. मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० चा, तेव्हा एफ नंबर छापलेला कागद त्याच्या आधीचा असूच शकत नाही. "नंदुरबार, जि. नंदुरबार" छापलेलं असेल तर १ जुलै १९९८ नंतरचं, त्याच्या आधी ते धुळे जिल्ह्यात होतं. जीएसटीचा पंधरा अक्षरांचा नंबर, महाराष्ट्राचा २७ ने सुरू होणारा, १ जुलै २०१७ नंतरचा.

पण हे एकाच बाजूनं चालतं हे लक्षात घ्या. पिन आहे म्हणजे नंतरचं, हे पक्कं. पिन नाही म्हणजे आधीचं, हे नाही म्हणता येत, कारण लोक जुने गठ्ठे संपेपर्यंत वापरायचे. ताईंचाच कागद बघा ना, पत्ता पूर्व खानदेश आणि पत्र बासष्टचं.

यावलचा_पोरगा

हे माहीत नव्हतं. आमच्यात खरंच चार-पाच पत्रं आहेत बिनतारखेची. फोटो काढून ठेवलेत, परत बघतो पिन आहे का.

पांझरा_धुळे

ओके आता समजलं प्रश्न काय आहे. पण तरी वर्डच्या हेडरमधे टाकलं तर ते मजकुरापासून वेगळंच राहतं की, तेच पाहिजे ना तुम्हाला?

शिरपूरकर_सर

पांझरा भाऊ, त्यात दोन भानगडी आहेत. हेडर प्रत्येक पानावर येतं, आणि मूळ पत्रात दुसऱ्या पानावर बहुतेक कोरा कागद किंवा नुसतं संस्थेचं नाव असतं. म्हणजे जे नाही ते आपण दाखवतो. आणि वर्डची फाईल साध्या टेक्स्टमधे सेव्ह केली किंवा सगळा मजकूर सिलेक्ट करून दुसरीकडे पेस्ट केला की हेडर मागेच राहतं. मग काही वर्षांनी ज्याच्याकडे टेक्स्ट फाईल जाईल त्याला कळणारच नाही की वर काही होतं.

दुसऱ्या पानाचं मी अजून एक सांगतो. दुसऱ्या पानाच्या माथ्यावर बारीक छापील नाव असेल ना, तर ते वाक्याच्या मधे येतं. पहिलं पान "मंजूर करण्यात" वर संपलं, दुसऱ्यावर संस्थेचं नाव आणि मग "येत आहेत". वाक्य जोडून घ्यायचं आणि पान कुठं बदललं त्याची नुसती खूण ठेवायची.

गिरणाकाठची

मग प्रत्यक्ष फाईल कशी ठेवू? एक नमुना कोणी दाखवेल का, म्हणजे मुलींना तसाच देईन.

जुना_दफ्तरी

मी असं करायचो. आधी लेटरहेडचे नमुने पाडायचे. तुमच्याकडे जितक्या वेगवेगळ्या छपाया असतील तितके, क, ख, ग. एक अक्षर बदललं, फोन नंबर बदलला, समासातला एक सभासद बदलला तरी नवा नमुना. त्याची एकच फाईल. नावं आणि नंबर मी इथं टाकत नाही, तुम्ही कागदावर आहे तसे घाला.

```
नमुना ख
माथा: ॥ श्री ॥ [छापील]
चिन्ह: गोल, मधे समई
ब्रीद [चिन्हाच्या कडेनं]: विद्या विनयेन शोभते
नाव: ...
पत्ता: ..., जि. पूर्व खानदेश
डावीकडे: रजि. नं. ...
उजवीकडे: तार ... फोन ...
भरायच्या जागा: जा. क्र. / दिनांक   /   /१९५
समास: अध्यक्ष ..., उपाध्यक्ष ..., चिटणीस ...
```

आणि मग प्रत्येक पत्र असं.

```
[लेटरहेड: नमुना ख]
[लेटरहेडवर हातानं: "पूर्व खानदेश" खोडून "जळगाव"]
जा. क्र. ३८    दिनांक १४/६/१९६२
प्रति, मा. मुख्याध्यापक ...
विषय: ...
... इमारत फंडातून रु. ३५०/- मंजूर करण्यात [पान २] येत आहेत.
आपला, [सही, अवाच्य] चिटणीस करिता
[पोचल्यावर: आवक शिक्का, आवक क्र. ...]
```

चौकटी कंसात जे आहे ते तुमचं, कंसाबाहेर जे आहे ते पत्राचं. एवढा एकच नियम मुलींना पाठ झाला पाहिजे.

लोगोचं वर्णन एका ओळीत आटपा, समई आहे का कंदील आहे यावर वेळ घालवू नका, फोटो आहे. पण लोगोतली अक्षरं मात्र पूर्ण उतरवा, कारण ती फोटोतून शोधता येत नाहीत.

सातपुडा_नं

नंदुरबारहून. सरकारी पत्रांचं काय करायचं? राजमुद्रेखाली "सत्यमेव जयते" असतं ते ब्रीदवाक्य म्हणून टाकायचं का? आणि आमच्याकडे २०२१-२२ च्या पत्रांवर वर कोपऱ्यात अमृत महोत्सवाचा लोगो पण आहे.

जुना_दफ्तरी

"सत्यमेव जयते" हा राजचिन्हाचाच भाग, त्याला वेगळं ब्रीद करू नका, चिन्हाच्या ओळीतच घाला. महाराष्ट्र शासनाच्या मुद्रेवरच्या संस्कृत ओळीचं तसंच. अमृत महोत्सवाचा लोगो वेगळ्या ओळीवर घ्या कारण तो ठराविक काळापुरता होता, त्यामुळे नमुना वेगळा धरावा लागेल. आणि सरकारी पत्रात वर उजवीकडे जो लांबलचक क्रमांक असतो, प्र. क्र. वगैरे असलेला, तो लेटरहेड समजून कित्येक जण सोडतात. तो पत्राचा नंबर आहे, पुढच्या पत्रात "संदर्भ" म्हणून तोच येतो. तो गेला तर दोन पत्रांची साखळी तुटली.

गिरणाकाठची

नमुने पाडायला घेतलेत. दोन शंका. एका पत्रात मजकुरातच लिहिलंय "आपल्या संस्थेचा रजि. नं. ४१७ असा नमूद करावा", आणि त्याच कागदावर वर छापील रजि. नं. ४७१ आहे. ह्यात चूक कोणाची कसं ठरवू? आणि मजकुरातला नंबर पण नमुन्यात टाकायचा का?

जुना_दफ्तरी

मजकुरातला मजकुरातच. नंबर आहे म्हणून तो लेटरहेडचा होत नाही, चिटणीस त्याबद्दल काही सांगतायत ना, तो पत्राचा विषय आहे. ४१७ तसाच राहू द्या, वरचा ४७१ नमुन्यात तसाच राहू द्या, आणि खाली चौकटी कंसात टीप टाका की दोन्ही जुळत नाहीत. कदाचित छापखान्याचीच चूक झाली असेल आणि म्हणूनच हे पत्र निघालं असेल. लेटरहेड वेगळं ठेवल्यामुळेच हे दिसलं. बाकी पत्रं आणि पुढचा नमुना बघा, पुढच्या छपाईत ४१७ झालंय का.

गिरणाकाठची

काका, नमुना ग मधे ४१७ आहे!!

जुना_दफ्तरी

मग उत्तर मिळालं. तरी पण ४७१ दुरुस्त करू नका हां, नाहीतर हे पत्र का लिहिलं गेलं ते पुढच्याला कळणार नाही.

तापीमाय

मी एक सांगू का, एक्सेलमधे ठेवलं तर बरं नाही का, एका खान्यात लेटरहेड, एका खान्यात तारीख, एका खान्यात मजकूर. आमची सून बँकेत आहे ती असंच करते सगळं.

शिरपूरकर_सर

यादीसाठी चालेल, पण खाने आधी "टेक्स्ट" करून घ्या, डेटा भरायच्या आधी. नाहीतर जा. क्र. १२/६२ असा इंग्रजी आकड्यांत टाकला की एक्सेल त्याची डिसेंबर १९६२ ही तारीख करून टाकतं. फोनचा कोड ०२५७ टाकला की पुढचं शून्य खातं. हे झालेलं नंतर लक्षात येत नाही, कारण खाना भरलेला दिसतो. आणि लांब मजकूर एक्सेलच्या खान्यात तपासणं डोळ्यांना फार त्रासाचं. मी तरी म्हणेन यादी एक्सेलमधे, पत्रं वेगळ्या फाईलीत.

सातपुडा_नं

माझी एक वेगळीच अडचण आहे. आमच्या आश्रमशाळेच्या फायलीत छापील लेटरहेड नाहीच. साध्या कागदावर वर रबरी शिक्का मारून नाव-पत्ता, किंवा टाइपरायटरनंच वर मधोमध नाव टाइप केलंय आणि खाली पत्र. काकांची "छापखान्यातून काय आलं" ही कसोटी इथं कशी लावू?

जुना_दफ्तरी

रबरी शिक्का सोपा. शिक्का एकच असतो, प्रत्येक कागदावर तोच उठतो, त्याला नमुना द्या आणि "शिक्क्याचं लेटरहेड" लिहा. टाइपरायटरचं मी पत्राचाच भाग धरतो. टायपिस्टनं दर वेळी नव्यानं टाइप केलंय, एकदा "आश्रम शाळा" तोडून, एकदा जोडून, एकदा तालुका घालून, एकदा न घालता. तो त्या दिवशी त्यानं लिहिलेला मजकूर आहे, नमुना पाडता येत नाही.

शिरपूरकर_सर

इथं मी सहमत नाही काका. टाइप केलेलं असलं तरी काम लेटरहेडचंच करतंय ना. शोध घेताना तोच त्रास होणार, प्रत्येक पत्रात शाळेचं नाव. मी तरी ते चौकटी कंसात वेगळं काढेन, फक्त दर वेळी जसं आहे तसं पूर्ण उतरवेन, नमुन्याकडे बोट दाखवणार नाही.

जुना_दफ्तरी

सर, कंसाबाहेर पत्राचं आणि कंसात आपलं हा नियम मोडतो मग. टायपिस्टचे शब्द आपल्या कंसात गेले.

शिरपूरकर_सर

मग तिसरी खूण करावी लागेल, "[माथा]" आणि "[माथा संपला]" अशा दोन ओळी आणि मधे त्याचे शब्द कंसाबाहेर. शोधताना तेवढा भाग वगळता येतो.

जुना_दफ्तरी

हे चालण्यासारखं आहे. माझं मन अजून तयार नाही, पण सातपुडा, तुम्ही दहा-वीस पत्रांवर करून बघा.

यावलचा_पोरगा

मंडळी, बिनतारखेची पत्रं काढून बघितली. दोनांवर पिन कोड छापलाय, म्हणजे ती १९७२ नंतरची. एकावर पिन नाहीये पण लेटरहेडच नाहीये, कोरा पातळ कागद, निळी कार्बनची अक्षरं, खाली सही पण नाही. ह्याला कुठला नमुना लावू? बाकीच्यांचा जो आहे तोच ना, कारण सोसायटी तीच.

जुना_दफ्तरी

नाही नाही, लावू नका. ती स्थळप्रत आहे. मूळ पत्र लेटरहेडवर समोरच्याला गेलं आणि कार्बनची प्रत सोसायटीनं स्वतःकडे ठेवली. त्या कागदावर लेटरहेड कधीच नव्हतं. "[लेटरहेड नाही, स्थळप्रत]" एवढंच लिहा. आणि सही नाही म्हणून पत्र गेलंच नाही असं पण धरू नका, स्थळप्रतीवर पुष्कळदा सही नसते, कोपऱ्यात आद्याक्षरं असतात ती बघा.

यावलचा_पोरगा

आहेत, डाव्या कोपऱ्यात खाली दोन अक्षरं आणि खाली रेघ. मग "महोदय" च्या वरचं जे सोडलं होतं ते सगळ्या पत्रांचं परत घेतो आता. जा. क्र. पासून सुरू करतो.

गिरणाकाठची

माझ्याकडे आत्तापर्यंत सहा नमुने झालेत, आणि च मधे समासातले खजिनदार बदललेत पण बाकी सगळं ङ सारखंच आहे, तुटलेला "द्या" सुद्धा. वेगळा ठेवलाय. मुलींना पट्ट्या कापून दिल्यात.